धाकट्या सुनेचा एक आणा, एक पैसा

व्यापारी घरात तरुण मुलाचे निधन झाले की उठावण्याच्या दिवसापर्यंत सारे गाव त्या घराशी असते. त्यानंतर पेढी उघडावीच लागते. थांबलेल्या गाड्या, बाजार समितीचा हिशेब आणि बँकेचे नूतनीकरण कोणासाठी थांबत नाहीत. त्याच सुमारास तिशीही न गाठलेल्या सुनेसमोर काही कागद येतात आणि "ही नुसती औपचारिकता आहे, येथे सही कर," असे तिला सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात पाप असतेच असे नाही. पुष्कळदा त्यालाही त्या कागदाचा अर्थ ठाऊक नसतो. त्या सह्यांनी काय जाते आणि सही केली तरी काय जात नाही, हे येथे एका उदाहरणाने पाहावयाचे आहे.

सोयीसाठी एक कुटुंब कल्पावे. जिल्ह्याच्या बाजारपेठेत भुसार मालाची आडत पेढी आहे. सासरे, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा असे तिघे तिचे समान भागीदार. सासूबाई हयात आहेत. सासऱ्यांना मुलगी नाही. धाकटा चौतिसाव्या वर्षी अपघातात गेला. मागे एकोणतीस वर्षांची पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. राहते घर पणजोबांच्या वेळचे, पुढे दुकान आणि मागे-वर बिऱ्हाड अशा धाटणीचे. सासऱ्यांची आपल्या भावांशी वाटणी झाली तेव्हा ते त्यांच्या वाट्यास आले आणि तेव्हापासून अविभक्त कुटुंबाच्या आयकर पत्रकात दाखविले जाते. याशिवाय धाकट्याच्या स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या कमाईचा एक प्लॉट आहे आणि १२ लाखांची एक मुदत ठेव आहे. ठेव लग्नापूर्वीची असल्याने तिच्यावर थोरल्या भावाचे नामनिर्देशन आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट असावी. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा जैनांनाही लागू आहे. तसे त्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. "आपल्यात अशी पद्धत नाही," हे वाक्य घरातल्या बैठकीत चालेल, न्यायालयात चालणार नाही. गंमत अशी की, ज्या जुन्या पद्धतीचा दाखला दिला जातो ती विधवेच्या विरुद्ध नव्हती. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने एका जैन कुटुंबाच्या दाव्यात मान्य केले होते की, त्या समाजाच्या रूढीनुसार अपत्यहीन विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळते आणि पतीची परवानगी नसतानाही ती दत्तक घेऊ शकते. इतर हिंदू विधवांना त्या काळी केवळ हयातीपुरता उपभोग मिळत असे. रूढीचा आधार घ्यावयाचाच तर तो असा उलटा बसतो.

आता धाकट्याच्या स्वतःच्या मालमत्तेकडे वळावे. प्लॉट आणि ठेव यांचे वारस प्रथम वर्गाचे: पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. चौघांचे हिस्से सारखे, प्रत्येकी चार आणे. या यादीत वडील नाहीत आणि भाऊही नाही, हे ऐकून पुष्कळ घरांत आश्चर्य वाटते. प्रथम वर्गातील एकही वारस असला तर वडिलांना काही मिळत नाही. त्याच वेळी सुनेच्या माहेरच्यांनीही ध्यानात ठेवावे की सासूबाईंचा चौथा हिस्सा तेवढाच पक्का आहे. मुलगा गमावलेल्या आईला "तुमचा आता काय संबंध?" असे विचारणे जितके क्रूर, तितकेच ते कायद्याने चुकीचे आहे.

मुदत ठेवीच्या बाबतीत नेहमीचा घोटाळा नामनिर्देशनाचा असतो. थोरल्या भावाचे नाव असल्याने बँक त्याला रक्कम देईल आणि ते देणे नियमाला धरूनच असेल, कारण बँकेला सुटका मिळण्यासाठीच नामनिर्देशनाची सोय आहे. परंतु पैसा हाती आल्याने तो त्याचा होत नाही. तो चौघा वारसांचा विश्वस्त म्हणून ती रक्कम स्वीकारतो आणि प्रत्येकाला ३ लाख देणे लागतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांविषयीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे. भाऊ रक्कम देणार नाही अशी शंका असेल तर बँकेला नुसते पत्र देऊन भागत नाही. बँक वारसांच्या भांडणात पडत नाही. तिला थांबविणारा न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तो रक्कम दिली जाण्यापूर्वी हवा. पैसे गेल्यानंतर उरतो तो नामनिर्देशितावर दावा.

घराचा हिशेब जरा निराळा आहे. ते वडिलोपार्जित असल्याने त्यात धाकट्याला जन्मतः हिस्सा होता, आणि त्याच्या मुलालाच नव्हे तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही जन्मतः हिस्सा आहे. अशा मालमत्तेत कायदा एक कल्पना करतो: मृत्यूच्या क्षणाआधी घराची वाटणी झाली असती तर मृताच्या पदरी काय पडले असते? तेवढाच भाग त्याच्या वारसांत वाटावयाचा.

जुन्या रुपयाने हे चटकन समजते. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे एकूण चौसष्ट पैसे. सारे घर म्हणजे एक रुपया. वाटणी झाली असती तर सासरे, सासूबाई, थोरला आणि धाकटा यांना चार-चार आणे आले असते. महाराष्ट्रात वडील आणि मुलगे यांच्यात वाटणी होते तेव्हा आईला मुलाइतका हिस्सा द्यावा लागतो, म्हणून सासूबाई येथे आल्या. धाकट्याच्या शाखेचे चार आणे पुन्हा तो, त्याची पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात एकेक आणा असे विभागतात. धाकट्याचा स्वतःचा तो एक आणाच वारशाने उतरतो आणि आई, पत्नी, मुलगा, मुलगी यांना त्यातला एकेक पैसा मिळतो. अशा रीतीने सुनेचा एक आणा एक पैसा झाला, दोन्ही मुलांचा प्रत्येकी तेवढाच, आणि सासूबाईंचे चार आणे एक पैसा. धाकट्याच्या चार आण्यांपैकी तीन आणे तीन पैसे त्याच्या पत्नीपाशी व मुलांपाशीच राहिले. सासऱ्यांना मुलगी असती तर पहिली वाटणी चारऐवजी पाच जणांत झाली असती. पत्नीचा हिस्सा असा दोन पायऱ्यांनी मोजण्याची रीत नवी नाही. महाराष्ट्रातील एका विधवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती मान्य केली. त्या दाव्यात दोन मुलगे आणि तीन मुली असतानाही विधवेचा एकूण हिस्सा चोविसात सात भाग निघाला होता.

हे सारे गणित घर खरोखर वडिलोपार्जित असेल तरच लागू होते, आणि बहुतेक कुटुंबे चुकतात ती याच ठिकाणी. आजोबांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले घर त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ नंतर आणि मृत्युपत्राविना, वडिलांकडे आले असेल, तर ते वडिलांचे व्यक्तिगत घर होते. "वडिलांकडून आले म्हणजे वडिलोपार्जित" हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून मोडीत काढला आहे. म्हणून प्रथम कागद पाहावेत. मूळ खरेदीखत कोणाच्या नावाचे, नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवर कोणकोणत्या साली फेरफार झाले, भावाभावांच्या वाटणीचा दस्त आहे का आणि अविभक्त कुटुंबाच्या ताळेबंदात हे घर येते का, या चार गोष्टींतून उत्तर बहुधा मिळते. मिळकत पत्रिकेवर केवळ सासऱ्यांचे नाव असणे निर्णायक नसते. कुटुंबप्रमुख म्हणूनही एकट्याचे नाव लागते आणि महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही.

घर वडिलोपार्जित ठरले तर सून तेथे कोणाच्या दयेवर राहत नाही. ती सहमालक आहे. राहत्या घराची वाटणी स्त्री वारसाला मागता येणार नाही, पुरुषांनी वाटणी करीपर्यंत तिने थांबावे, असे कलम २३ पूर्वी होते. तेही २००५ साली वगळले गेले. मुलांचे हिस्से वेगळे आहेत आणि वडिलांच्या पश्चात मुलांची नैसर्गिक पालक आईच आहे. आजोबा किंवा काका प्रेमाने पुष्कळ करोत, त्या नात्याने ते पालक होत नाहीत. "मुले येथेच राहतील, तू माहेरी जा," हा तोडगा म्हणूनच टिकत नाही. लहान मुले जेथे हिस्सेदार आहेत तेथे त्यांची आई त्यांची पालक म्हणून राहते, आणि तिचा स्वतःचा एक आणा एक पैसा त्याहून निराळा आहे.

घर सासऱ्यांचे स्वकष्टार्जित निघाले तर चित्र पालटते, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सासरे हयात असेपर्यंत त्या घरात सुनेची किंवा नातवंडांची मालकी नाही. ते मृत्युपत्राने घर कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र न करता गेले, तर मात्र आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुले प्रथम वर्गाचे वारस म्हणून त्या मुलाच्या एका हिश्श्याचे धनी होतात.

मालकी नसली तरी राहण्याचा हक्क उरतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याचे कलम १७ म्हणते की, सामायिक घरात स्त्रीचे नाव मालकीत असो वा नसो, तिला तेथे राहण्याचा हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येणार नाही. घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. पती गेल्यावर हा हक्क संपतो का, या प्रश्नाचे उत्तर मे २०२२ मध्ये उत्तराखंडातील एका विधवेच्या प्रकरणात मिळाले. सासरच्या छळामुळे तिला मुलीसह अन्यत्र राहावे लागले होते. ती प्रत्यक्षात त्या घरात राहत नव्हती, तरी तिचा निवासाचा हक्क शाबूत असल्याचे न्यायालयाने सांगितले. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो आणि जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी त्यासाठी साह्य करतात. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, परंतु घराबाहेर काढण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश त्याआधी मिळू शकतो. मात्र हा हक्क अबाधित नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालय करते आणि प्रसंगी त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे देण्याचा आदेश होतो.

पेढीतील हिस्सा हा या समाजात सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी मोजला जाणारा भाग. भागीदारी करारात निराळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. करारात पेढी पुढे चालू राहील असे असले, तरी मृताच्या हिश्श्याचा हिशेब व्हावाच लागतो, आणि तो मृत्यूच्या दिवशीच्या स्थितीवर व्हावा लागतो. मुनीमजी भांडवल खात्याची शिल्लक काढून देतात, समजा १८ लाख, आणि "एवढे त्याचे निघतात" असे सांगतात. ती शिल्लक म्हणजे हिस्सा नव्हे. गोदामातील मालाचा त्या दिवसाचा भाव, शेतकऱ्यांकडील व व्यापाऱ्यांकडील वसुलीयोग्य येणी, पेढीच्या नावावरील गाळा आणि पेढीचा नावलौकिक हे सारे धरून, देणी वजा करून मग एक-तृतीयांश काढावयाचा असतो. तो समजा २४ लाख निघाला. हिशेब चुकता न करता उरलेल्या भागीदारांनी त्या पैशावर पेढी चालविली, तर भागीदारी कायद्याचे कलम ३७ वारसांना निवड देते: त्या हिश्श्याच्या वापरातून आलेला नफा घ्यावा किंवा द.सा.द.शे. ६ व्याज घ्यावे. २४ लाखांवर ते वर्षाला १ लाख ४४ हजार होते. घरखर्चासाठी दरमहा हातावर ठेवलेली रक्कम उपकार म्हणून दिली जात असेल, तर तिची या आकड्याशी तुलना करून पाहावी. अशा हिशेबासाठी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे आहे. "दिवाळीनंतर बघू" असे म्हणता म्हणता तीन वहीपूजने सहज निघून जातात.

बँकेचे कागद येतात ते याच सुमारास. भागीदार वारल्याचे कळल्यावर बँक पेढीचे कॅश क्रेडिट खाते त्या दिवसापुरते गोठविते आणि नव्या भागीदारांच्या सह्यांनी नवे खाते उघडते. मृताच्या मालमत्तेवर तोपर्यंतच्याच कर्जाची जबाबदारी राहावी, पुढील उलाढालीची येऊ नये, असा त्यामागील हेतू असतो. वारसांची जबाबदारीही वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. परंतु सुनेने नवी भागीदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की ती मर्यादा संपते. ज्या पेढीच्या वह्या तिने कधी पाहिल्या नाहीत, तिच्या साऱ्या कर्जासाठी तिचे दागिने, ठेवी आणि हिस्से सारेच बांधले जातात. वारस म्हणून माहिती देणाऱ्या कागदावर सही करण्यास हरकत नाही. भागीदारीच्या आणि हमीपत्राच्या कागदावर सही करण्याआधी तो घरी आणून वाचावा, भाऊ किंवा ओळखीचे वकील यांना दाखवावा. मुले सज्ञान होईपर्यंत भागीदार होऊच शकत नाहीत. सर्व भागीदारांच्या संमतीने त्यांना केवळ नफ्याच्या लाभापुरते घेता येते.

पुनर्विवाहाची भीती घालूनही हिस्से सोडवून घेतले जातात. पतीकडून वारशाने आलेला हिस्सा विधवेच्या पूर्ण मालकीचा असतो आणि पुढे विवाह केल्याने तो परत जात नाही. पुनर्विवाहाने सासऱ्यांकडून मिळणारी पोटगी मात्र बंद होते. मुलांचे हिस्से तर कोणत्याही परिस्थितीत मुलांचेच.

आता हक्कसोडपत्र. या कुटुंबात थोरल्याला गोदामासाठी धाकट्याचा प्लॉट हवा आहे. सासूबाई आपले चार आणे आनंदाने सोडतील. सून स्वतःचे चार आणे सोडू शकते. मोबदला घेऊन किंवा न घेता, पण नोंदणीकृत दस्ताने. उरलेले आठ आणे दोन अज्ञान मुलांचे आहेत. आई त्यांची पालक असली तरी जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती त्यांची स्थावर मिळकत विकू किंवा सोडू शकत नाही. दस्तात "स्वतःकरिता व अज्ञान मुलांची पालनकर्ती आई म्हणून" असे लिहून दोन सह्या घेतल्या जातात आणि पुष्कळदा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीही होऊन जाते. नोंदणी झाल्याने ही उणीव भरून निघत नाही. मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. राहत्या घरातील मुलांच्या अविभक्त हिश्श्याची रीत थोडी वेगळी आहे, कारण तेथे कुटुंबप्रमुख खऱ्या कौटुंबिक गरजेसाठी व्यवहार करू शकतो. पण ती गरज सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर पडतो.

म्हणजे चार वर्षांच्या मुलाकडून असा कागद घेतला तर थोरल्याच्या गोदामाची मालकी सतरा वर्षे टांगणीला लागते. त्या प्लॉटवर पुढे कर्ज मागितले की बँकेच्या पॅनेलवरील वकील शोध अहवालात पहिली हरकत याच दस्तावर घेतात आणि विकावयास काढला तर खरेदीदाराचा वकीलही तेच विचारतो. त्याऐवजी परवानगीचा अर्ज करावा. त्यात प्लॉटचे मूल्यांकन, विक्रीमागील मुलांचे हित आणि येणारी रक्कम कोठे गुंतविणार हे सांगावे लागते. न्यायालय बहुधा मुलांच्या वाट्याची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावे सज्ञान होईपर्यंत ठेवावयास लावते. काही महिने जातात आणि वकिलाचा खर्च होतो. प्लॉटची किंमत ४० लाख धरली तर दोन्ही मुलांच्या नावे प्रत्येकी १० लाख जमा होतात, सुनेला तिचे १० लाख मिळतात आणि थोरल्याला असा प्लॉट मिळतो की ज्याच्या कागदावर पुतण्या किंवा पुतणी पुढे कधीही बोट ठेवू शकत नाही.